कुंड्या कठड्यापाशी की भिंतीपाशी?

बाल्कनीत मोठ्या कुंड्या आणि समोरच्या इमारतीकडून आडोसा हवा, म्हणून सोसायटीकडे अर्ज येतो तेव्हा कमिटीच्या बैठकीत चर्चा बहुतेक वेळा इमारत बाहेरून कशी दिसेल यावरच होते. स्लॅबला काय झेपेल, हा खरा प्रश्न मागे पडतो. अर्जदारही ‘दोन-तीन कुंड्या’ एवढंच लिहितो. अशा अर्जावर हो म्हणणंही कठीण आणि नाही म्हणणंही.

तीन मीटर लांब आणि कठड्यापर्यंत १.२ मीटर खोल अशी नेहमीची बाल्कनी घेऊ. तिला खाली खांब नाहीत, ती घराच्या स्लॅबमधून नुसती बाहेर आलेली आहे. आता एक मीटर लांबीची सिमेंटची कुंडी. तिच्यात साधारण १०० लिटर माती मावते. बागेची माती भिजली की लिटरमागे १.८ किलोपर्यंत भरते, म्हणजे १८० किलो. कुंडीचे स्वतःचे ६० धरले की झाले २४०. अशा तीन कुंड्या कठड्याला लागून ओळीने ठेवायच्या आहेत.

घरांच्या बाल्कनीवर माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला किमान ३०० किलो भार धरावा, असं भारतीय मानक सांगतं. बाल्कनीची एक मीटर रुंदीची पट्टी घेतली तर तिच्या वाट्याला ३६० किलो येतात. कुंडी २४० किलोची, म्हणजे हिशेब बसला असं वाटतं. इथेच गफलत होते. अशा अधांतरी स्लॅबला नुसतं वजन त्रास देत नाही, ते भिंतीपासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात सरळ पुढे करून धरा, फरक लगेच कळतो. भार सगळीकडे सारखा पसरला तर त्याचं सरासरी अंतर ०.६ मीटर, ३६० गुणिले ०.६ म्हणजे २१६. कठड्यापाशी असलेल्या कुंडीचं अंतर १.०५ मीटर, २४० गुणिले १.०५ म्हणजे २५२. एकही माणूस उभा नसताना गृहीत धरलेली मर्यादा ओलांडली! डिझाइनमध्ये सुरक्षेची राखीव ताकद असते, म्हणून स्लॅब त्याच दिवशी खाली येत नाही. पण ती ताकद गंजासाठी आणि जुन्या बांधकामातल्या उणिवांसाठी असते, कुंड्यांसाठी नव्हे.

त्याच कुंड्या भिंतीला लावून ठेवल्या तर हाच आकडा २५२ वरून ३६ वर येतो. कठड्यापाशीच हव्या असतील, तर फायबरची कुंडी आणि कोकोपीट-कंपोस्टचं हलकं मिश्रण वापरावं. ते भिजूनही लिटरमागे ०.९ किलोच्या आसपास राहतं. कुंडी साधारण १०० किलोत बसते आणि आकडा १०५ होतो. निम्मी जागा माणसांसाठी उरते.

अशा स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. कुंड्यांचं पाणी फरशीच्या सांध्यातून झिरपून आधी तिच्यापर्यंतच पोचतं. म्हणून खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे पाहावं: पोपडे, तांबूस डाग, ओल. वर, भिंत आणि फरशी मिळतात तिथे भिंतीला समांतर भेग दिसली तर अर्ज बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. कुंडीखाली स्टँड आणि ताटली हवी, आणि नहाणी ट्रॅपकडे जाणारा उतार मोकळा हवा.

आडोशाचा शत्रू म्हणजे वारा. मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईसाठी ४४. पुण्याच्या आकड्याने सपाट पडद्यावर चौरस मीटरला ९० किलोच्या वर दाब येतो. तीन मीटर लांब, पावणेदोन मीटर उंच बंद पडदा म्हणजे पाच चौरस मीटरहून जास्त. वादळात पावणेपाचशे किलो, आणि ते सगळे रेलिंगच्या बोल्टवर. फटी असलेल्या पट्ट्या किंवा गुंडाळता येणारा चिकाचा पडदा त्यामुळे बरा. काच किंवा पत्रा लावून बाल्कनी बंद करणं हे वेगळं प्रकरण आहे. त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि सोसायटीची एनओसी तिची जागा घेत नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी लागते. कुंडी हा ‘फेरफार’ कसा, असा वाद घालणारे भेटतातच. पण भिंतीत किंवा रेलिंगमध्ये बोल्ट शिरला की वाद संपतो. अर्जात हे असावं:

‘तिसऱ्या मजल्यावरील बाल्कनीत फायबरच्या तीन कुंड्या, भिजलेल्या अवस्थेत प्रत्येकी सुमारे १०० किलो, सोबतच्या आराखड्यात दाखवलेल्या जागी ठेवण्याची आणि कठड्यावर काढता येण्याजोगा पट्ट्यांचा आडोसा लावण्याची परवानगी मिळावी. खालच्या छताचे आजचे फोटो व इंजिनिअरचे पत्र जोडले आहे. गळती झाल्यास दुरुस्तीचा खर्च माझा. दुरुस्ती किंवा रंगकामासाठी सांगाल तेव्हा सर्व हलवीन.’

सेक्रेटरीकडून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी. कमिटीनेही ‘हरकत नाही’ एवढ्यावर न थांबता वजन, जागा आणि पडद्याचा प्रकार ठरावात लिहावा. म्हणजे उद्या फायबरच्या जागी सिमेंटची कुंडी आली, तर कशाला परवानगी दिली होती हे दाखवता येईल. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी, आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. शेवटचा अहवाल काढून त्यात बाल्कन्यांबद्दल काय म्हटलं आहे, हे ठराव मांडण्याआधीच वाचून घ्यावं.