पीडीएफमधून उचललेला मजकूर आणि एआय शोधकांचे गुण

एखादा निबंध एआय शोधकात दोनदा तपासला, एकदा मूळ वर्ड धारिकेतून आणि एकदा त्याच निबंधाच्या पीडीएफमधून कॉपी करून, तर दोन्ही वेळा मिळणारे गुण वेगवेगळे असू शकतात. लेखकाने एकही शब्द बदललेला नसतो. बदललेले असते ते ओळींचे तुटणे, शब्दांच्या मध्ये शिरलेली संयोगचिन्हे आणि डोळ्यांना न दिसणारी काही चिन्हे. वाचणारा माणूस या गोष्टी नकळत ओलांडून जातो. शोधक मात्र त्यांनाही मजकुराचाच भाग मानतो. महाविद्यालयीन निबंध आणि प्रकल्प बहुधा पीडीएफ स्वरूपातच सादर होतात. त्यामुळे विद्यार्थ्याने स्वतः लिहिले की यंत्राकडून लिहवून घेतले, याविषयीचा निष्कर्ष कधी कधी त्याच्या लेखनाऐवजी धारिकेच्या स्वरूपावर अवलंबून राहतो.

## शोधक काय मोजतो

एआय शोधक निबंधाचा अर्थ तपासत नाही. तो मजकुराचे टोकन नावाचे लहान तुकडे करतो. एक टोकन म्हणजे कधी पूर्ण शब्द, कधी शब्दाचा अंश, तर कधी नुसते विरामचिन्ह. अनेक शोधकांमध्ये एखादे भाषाप्रारूप प्रत्येक टोकनापाशी थांबून, आधीचा मजकूर पाहता हेच टोकन येण्याची शक्यता किती होती, याचा हिशेब करते. या सर्व शक्यतांवरून निघणाऱ्या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. मराठीत तिला मजकुराची अनपेक्षितता म्हणता येईल. पर्प्लेक्सिटी ८ असेल, तर प्रारूपाला प्रत्येक टोकनापाशी जणू सारख्याच शक्यतेच्या आठ पर्यायांतून निवड करावी लागली. यंत्राने लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्राला बहुधा अपेक्षित वाटतो, म्हणून कमी पर्प्लेक्सिटी हे यंत्रलेखनाचे लक्षण मानले जाते.

दुसऱ्या प्रकारच्या शोधकांत माणसांनी व यंत्रांनी लिहिलेले असंख्य नमुने दाखवून एखादे प्रारूप वर्गीकरणासाठी तयार केलेले असते. कोणत्या लक्षणावरून त्याने निर्णय दिला, हे बाहेरून कळत नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध करून दिलेला असाच एक वर्गीकारक अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतला.

## पीडीएफमध्ये ओळ का तुटते

पीडीएफ हे मुळात छापील पानाचे चित्र जसेच्या तसे राखण्यासाठी तयार झालेले स्वरूप आहे. त्यात वाक्य किंवा परिच्छेद असतोच असे नाही. कोणती अक्षराकृती पानावर कोणत्या जागी ठेवायची, एवढे नोंदलेले असते. मजकूर कॉपी करताना वाचक-प्रणाली या जागांवरून शब्द आणि ओळी यांचा अंदाज बांधते. पानावर जिथे ओळ संपते तिथे ती बहुधा ओळभंगाचे चिन्ह घालते, मग वाक्य पुढे चालू का असेना.

संयोगचिन्हाची अडचण याहून सूक्ष्म आहे. शालेय व्याकरणात या चिन्हाचे दोन उपयोग शिकवतात: दोन शब्द जोडणे, आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्यास तो पुढे चालू असल्याचे दाखवणे. पहिले संयोगचिन्ह लेखकाचे असते, दुसरे अक्षरजुळणी करणाऱ्याचे. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात आणि कॉपी करताना दोन्ही सारखीच उतरतात.

मुंबईतील अँटॉप हिलवर लिहिलेल्या एखाद्या निबंधात पुढील वाक्य आहे असे समजू: ‘अँटॉप हिल हे मुंबई मोनोरेलच्या दुसऱ्या टप्प्यातील स्थानक असून हा टप्पा ३ मार्च २०१९ रोजी सुरू झाला.’ अरुंद स्तंभात छापलेल्या पीडीएफमधून ते असे बाहेर येऊ शकते:

```
अँटॉप हिल हे मुंबई मोनो-
रेलच्या दुसऱ्या टप्प्यातील स्थानक
असून हा टप्पा ३ मार्च २०१९ रोजी
सुरू झाला.
```

येथे दोन ठिकाणी शब्दांमधील मोकळ्या जागेऐवजी ओळभंग आला आहे आणि ‘मोनोरेलच्या’ या शब्दात संयोगचिन्ह व ओळभंग अशी दोन चिन्हे नव्याने शिरली आहेत. वाचकाला वाक्य तेच वाटते. यंत्रापुढे मात्र ‘मोनोरेलच्या’ हा शब्दच उरलेला नाही. त्याला ‘मोनो’, मग एक आडवी रेघ, मग ओळीचा शेवट आणि मग ‘रेलच्या’ असा, सुट्या वाक्यात सहसा न भेटणारा क्रम दिसतो.

## गुण किती हलू शकतात

पुढील हिशेबातील आकडे समजावून सांगण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. ६०० शब्दांच्या एका इंग्रजी निबंधाची ८०० टोकने होतात आणि प्रत्येक टोकनाची सरासरी अनपेक्षितता ३ बिट आहे, असे मानू. एकूण अनपेक्षितता २४०० बिट झाली आणि पर्प्लेक्सिटी २ चा ३ रा घात, म्हणजे ८ आली. हाच निबंध पीडीएफमधून घेतल्यावर त्यात ५० ओळभंग आले. वाक्याच्या मध्येच ओळ तुटणे प्रारूपाला अनपेक्षित असल्याने प्रत्येकी ८ बिट धरू. आता एकूण २८०० बिट ८५० टोकनांत विभागले जातात, सरासरी ३.२९ बिट होते आणि पर्प्लेक्सिटी सुमारे ९.८ वर जाते. शिवाय आठ शब्द संयोगचिन्हाने तुटले, प्रत्येकात दोन टोकने वाढली आणि प्रत्येकाने २० बिटांची भर घातली, तर २९६० बिट व ८६६ टोकने होऊन पर्प्लेक्सिटी सुमारे १०.७ होते. शोधकाची सीमारेषा १० वर असेल, तर ‘यंत्रलिखित’ ठरलेला निबंध आता ‘मानवलिखित’ ठरतो.

प्रत्यक्षात ही वाढ इतकी सरळ नसते. काही ओळी वाचल्यावर प्रारूपाला ठरावीक अंतरावर ओळ तुटण्याची सवय होते आणि पुढचे ओळभंग त्याला तितके अनपेक्षित वाटत नाहीत. म्हणून दीर्घ निबंधावरील परिणाम तुलनेने कमी असतो आणि एखाद-दोन परिच्छेदांच्या उताऱ्यावर तो अधिक जाणवतो. प्रत्येक पानावर तीच शीर्षओळ पुन्हा येत असेल, तर ती दुसऱ्या खेपेपासून अगदीच अपेक्षित होते आणि गुण उलट दिशेला ओढते.

तेव्हा ओळभंगाने निबंध नेहमी ‘मानवी’च दिसतो, असा समज करून घेणे बरोबर नाही. वर्गीकारक प्रकारच्या शोधकात गुण कोणत्या बाजूला सरकतील, हे त्याला दाखवलेल्या नमुन्यांवर अवलंबून असते. त्यातही, रॉबर्टासारख्या प्रारूपावर उभे असलेले वर्गीकारक एका वेळी ५१२ टोकनांपर्यंतच वाचू शकतात. शब्द तुटून टोकने वाढली, की तेवढ्या मर्यादेत निबंधाचा कमी भाग मावतो. उरलेला भाग सोडून दिला जात असेल, तर दोन खेपांना तपासलेला मजकूरच वेगळा असतो.

हा परिणाम किती किरकोळ बदलाने घडू शकतो, हे शुयांग काय आणि वानयुन कुई यांनी २०२३ मध्ये दाखवले. यंत्राने लिहिलेल्या मजकुरात एका स्वल्पविरामाआधी एक जादा मोकळी जागा घालून त्यांनी शोधकांना चकवले होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेड’ या चाचणीसंचातही जादा मोकळ्या जागा, वाक्यांमध्ये घातलेले परिच्छेदभंग आणि शून्य रुंदीची अदृश्य चिन्हे यांचा समावेश आहे. सर्व शोधकांवर त्यांचा परिणाम सारखा झाला नाही. या अभ्यासांत बदल मुद्दाम केलेले होते. पीडीएफ तशाच जातीचे बदल कोणाचाही हेतू नसताना करते.

## देवनागरीतील विशेष अडचणी

मराठी मजकुरात ओळभंगाखेरीज आणखी एक गोष्ट घडते: दिसायला तोच असलेला शब्द आतून वेगळा असू शकतो. वरील वाक्यातील ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर `U+0931` या स्वतंत्र ‘ऱ’ने लिहिता येते किंवा साधा ‘र’, हलन्त आणि `U+200D` हे अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येते. पीडीएफमधून येताना हे जोडचिन्ह गळाले, तर ‘दुसर्या’ असा रफार असलेला अशुद्ध शब्द हाती लागतो. ‘अँटॉप’मधील पहिले अक्षर ‘अ’ला चंद्रबिंदू देऊन, म्हणजे `U+0905 U+0901` असे, लिहिलेले असू शकते; ‘ॲ’वर अनुस्वार देऊन, म्हणजे `U+0972 U+0902` असेही असू शकते. पडद्यावर फरक जवळजवळ दिसत नाही, टोकने मात्र वेगळी पडतात.

ऱ्हस्व वेलांटीचा घोटाळा अधिक ठळक असतो. ‘हि’ लिहिताना संगणक आधी ‘ह’ आणि मग वेलांटी साठवतो, पण पानावर वेलांटी ‘ह’च्या आधी दिसते. धारिकेतील अक्षरे व युनिकोड यांची सांगड नीट नसेल, तर मजकूर दिसण्याच्या क्रमाने उतरतो आणि ‘हिल’चे ‘िहल’ होते. मुख्यतः इंग्रजी नमुन्यांवर तयार झालेल्या शोधकाचे मराठी निबंधाविषयीचे मत आधीच कमी भरवशाचे असते. त्यात असा मजकूर गेल्यावर आलेल्या टक्केवारीला अर्थ उरत नाही.

## मजकूर पूर्ववत करणे

पहिली तपासणी सोपी आहे. चिकटवलेला मजकूर साध्या संपादकात उघडून अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय सुरू करावी. वाक्याच्या मध्येच ओळ संपत असल्यास किंवा ओळीच्या शेवटी अर्धा शब्द व रेघ दिसत असल्यास तो मजकूर तपासणीयोग्य नाही. मूळ वर्ड धारिका उपलब्ध असेल, तर तीच वापरणे सर्वांत उत्तम. नसेल, तर पायथन भाषेतील पुढील चार ओळींनी बरीचशी दुरुस्ती होते:

```python
t = t.replace("\u00ad", "")
t = re.sub(r"(\S)-\n(\S)", r"\1\2", t)
t = re.sub(r"(?<!\n)\n(?!\n)", " ", t)
t = unicodedata.normalize("NFC", t)
```

पहिली ओळ अदृश्य संयोगचिन्ह काढते, दुसरी तुटलेला शब्द जोडते आणि तिसरी परिच्छेदांमधील रिकामी ओळ राखून एकेरी ओळभंगाच्या जागी मोकळी जागा ठेवते. (सुरुवातीला `re` आणि `unicodedata` ही दोन्ही मॉड्यूल आयात करावी लागतात.) इंग्रजीसाठी दिल्या जाणाऱ्या अशा सूत्रांत `\S`ऐवजी बहुधा `\w` असते. मराठीत ते फसते, कारण पायथनचे `re` मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. ‘मोनो-’मध्ये रेघेच्या आधी ओकाराचे चिन्ह असल्याने `\w` असलेले सूत्र हा शब्द तुटलेलाच ठेवते. चौथी ओळ ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी सुटी लिहिलेली जोडी एका ‘ऱ’मध्ये आणते, ‘अँ’च्या दोन रूपांतील किंवा अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेल्या ‘ऱ्य’मधील फरक मात्र ती मिटवत नाही.

दुसऱ्या ओळीचा एक तोटाही आहे. छापील ओळ नेमकी ‘सामाजिक-आर्थिक’मधील खऱ्या संयोगचिन्हापाशी संपली असेल, तर तिच्यामुळे ‘सामाजिकआर्थिक’ असा नवाच शब्द तयार होतो. ‘आई-वडील’, ‘ये-जा’ यांसारख्या शब्दांचीही तीच गत होते. लेखकाची रेघ कोणती आणि जुळणीकाराची कोणती, हे ठरवायला भाषा जाणणाऱ्या माणसाने ओळींचे शेवट एकदा नजरेखालून घालावेच लागतात.

श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत जुळवलेल्या पीडीएफना यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही. त्यांतील मराठी कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गुंता मिळतो. असा मजकूर त्या विशिष्ट टंकासाठी बनवलेल्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो किंवा पानाच्या चित्रावरून अक्षरओळख करून घ्यावी लागते. अक्षरओळखीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होण्याचा संभव असल्याने तो मजकूर शोधकाकडे देण्यापूर्वी मूळ पानाशी ताडून पाहावा लागतो.