एकसष्टला लाल बाण का?

नववीच्या गणिताचा निकाल एक्सेलमध्ये भरला, मार्कांचा रकाना निवडला आणि `Conditional Formatting` मधून `Icon Sets` चे तीन बाण लावले. वर्गात कोणीच नापास नव्हतं. सगळ्यात कमी 48, सगळ्यात जास्त 92. तरी 61 मार्क मिळवलेल्या मुलीपुढे खाली तोंड केलेला लाल बाण आला. पालकसभेत तिच्या आईचा चेहरा उतरला, तेव्हा मी त्या बाणाचं गणित शोधायला बसले.

मूळ नियमात 67 आणि 33 हे आकडे असतात, पण ते मार्कही नव्हेत आणि आपली नेहमीची टक्केवारीही नव्हे. वर्गातला सगळ्यात कमी आकडा ते सगळ्यात जास्त आकडा एवढं अंतर धरून एक्सेल त्यावर हे टक्के मोजतं. इथे अंतर 44. त्याचे 33 टक्के साडेचौदा, ते 48 मध्ये मिळवले की साडेबासष्ट. त्याच्या खालचे सगळे लाल, मग ते पहिल्या श्रेणीत का असेनात!

पुढच्या चाचणीत उलटं झालं. गैरहजर मुलापुढे कोणीतरी 0 लिहिला होता. सर्वाधिक मार्क पुन्हा 92च होते, पण तळ शून्यावर गेल्यामुळे लाल बाणाची हद्द तीसवर घसरली, आणि 32 मार्कांनी नापास झालेल्या मुलाला पिवळा आडवा बाण मिळाला. ज्याला खरी मदत हवी होती, तोच नजरेतून सुटत होता. म्हणून आता मी तिथे ‘गै. ह.’ लिहिते, अक्षरं मोजणीत धरली जात नाहीत.

बाणांसाठी `Manage Rules` मधून `Edit Rule` उघडायचं, `Type` खाली `Percent` च्या जागी दोन्हीकडे `Number` निवडायचं आणि 60 व 35 लिहायचं. मग लाल म्हणजे नापासच.

वर्ग कसा पसरलाय हे पाहायला मात्र `Color Scales` मला जास्त आवडतात, कारण रंग हळूहळू बदलतो. हिरवा-पिवळा-लाल पट्टा लावला की सर्वात कमी मार्कांना गडद लाल, सर्वात जास्त मार्कांना गडद हिरवा आणि मधोमध येणाऱ्या मुलाच्या मार्कांना पिवळा मिळतो. म्हणजे अख्खा वर्ग उत्तम असला, तरी जवळपास निम्मी मुलं लालीकडे झुकलेली दिसणार. मी लाल टोक 35 वर, पिवळा मध्य 60 वर आणि हिरवं टोक 75 वर बांधते. मग अवघड पेपरचा रकाना खरोखर लालसर दिसतो, सोप्याचा हिरवा.

लेखीचे 80 आणि अंतर्गत 20 मार्कांचे रकाने एकदम निवडले, तर 19 मिळवणाराही लाल होतो. दोन्हींना नियम वेगळे लावावे लागतात. आणि निकालाची काळी-पांढरी झेरॉक्स काढायची असेल तर बाणच ठेवते, कारण करड्या छपाईत लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. बाणाची दिशा तेवढी कळते.