ड्यूस संपतो कधी?

टेनिसचा गेम ४०-४० वर आला की पुढे फक्त पाच स्थिती उरतात. ड्यूस, सर्व्हरचा अॅडव्हांटेज, रिसीव्हरचा अॅडव्हांटेज, सर्व्हरने जिंकलेला गेम आणि रिसीव्हरने जिंकलेला गेम. पहिल्या तिन्हींत खेळ मागेपुढे फिरत राहतो. शेवटच्या दोन्हींपैकी एकीत शिरला की तिथेच थांबतो. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ पासून ज्या साखळ्यांचा अभ्यास मांडला, त्यांचं इतकं आटोपशीर उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. परत न सोडणाऱ्या या दोन स्थितींना संख्याशास्त्रात शोषक अवस्था म्हणतात.

क्लबच्या एका स्पर्धेत कोर्टालगतच्या बाकावर संख्याशास्त्राचे एक शिक्षक आपल्या विद्यार्थिनींना घेऊन बसतात. हातात स्कोअरशीट, त्यावर प्रत्येक गुणासाठी एक खूण. सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूने ५० पैकी ३० गुण घेतले, म्हणजे प्रत्येक गुण तिच्याकडे जाण्याची शक्यता ०.६ धरायची. एका गेममध्ये सर्व्हिस एकीकडेच राहते, त्यामुळे हा आकडा गेमभर तोच ठेवता येतो. आता गेम ड्यूसवर आहे. सर्व्हर जिंकण्याची शक्यता किती?

सर उत्तर सांगत नाहीत, वहीत तीन ओळी लिहायला सांगतात. ड्यूसवरून जिंकण्याची शक्यता ‘ड’ म्हणू. पुढचा गुण मिळाला तर सर्व्हरचा अॅडव्हांटेज, गेला तर रिसीव्हरचा. सर्व्हरच्या अॅडव्हांटेजवर ०.६ शक्यतेने गेम संपतो, ०.४ शक्यतेने पुन्हा ड्यूस. म्हणून तिथली शक्यता ०.६ अधिक ०.४ ड. रिसीव्हरच्या अॅडव्हांटेजवर सर्व्हरला आधी ड्यूसपर्यंत परतावं लागतं, म्हणून तिथली शक्यता ०.६ ड. या दोन्ही ओळी पहिल्या ओळीत बसवल्या की ड = ०.३६ + ०.४८ ड. म्हणजे ड आलं ०.३६ भागिले ०.५२, साधारण ०.६९. सर्व्हरच्या अॅडव्हांटेजवर हीच शक्यता ०.८८ होते, रिसीव्हरच्या अॅडव्हांटेजवर ०.४२.

एक पाऊल पुढे टाकून पाहायचं आणि मग आपण कुठे आहोत ते विचारायचं, एवढीच ही रीत. अनंत शक्यतांची बेरीज करत बसावं लागत नाही. गेम किती लांबेल, हा दुसरा प्रश्नही याच रीतीने सुटतो. फक्त प्रत्येक ओळीत खेळलेल्या गुणाचा एक मिळवायचा. ड्यूसपासून सरासरी गुण ‘ग’ मानले, तर दोन गुण तर खेळावेच लागतात, आणि ०.४८ शक्यतेने आपण पुन्हा ड्यूसवरच असतो. ग = २ + ०.४८ ग. उत्तर ३.८५ गुण.

या दोन उत्तरांचा स्वभाव मात्र फार वेगळा आहे, आणि मोजणाऱ्याने तो जपून लक्षात ठेवायला हवा. पन्नास गुणांवरून काढलेल्या ०.६ मध्ये सातेक शतांशांची चूक सहज असू शकते. खरा आकडा ०.५३ असेल तर ड्यूसवरून जिंकण्याची शक्यता ०.५६ आहे, तो ०.६७ असेल तर ०.८०. कोण जिंकेल याचा अंदाज इतका हलतो. सरासरी गुण मात्र पहिल्या वेळी ३.९९, दुसऱ्या वेळी ३.५९. अगदी तुल्यबळ खेळाडूंतही ते चारच्या पलीकडे जात नाहीत, कारण दोन गुणांनंतर पुन्हा ड्यूसवर येण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त, म्हणजे बरोबर निम्मी असते.

मग सरबिटनचं काय? इंग्लंडमधल्या या गावी सरे अजिंक्यपद स्पर्धेत २६ मे १९७५ रोजी अँथनी फॉसेट आणि कीथ ग्लास यांच्यातला एक गेम ३७ ड्यूसपर्यंत लांबला. एकूण ८० गुण, ३१ मिनिटं. पहिल्या ड्यूसनंतर तो ३६ वेळा परत ड्यूसवर आला. दर वेळी शक्यता फार तर निम्मी धरली, तर असं होण्याची शक्यता ६,८०० कोटींत एकाहूनही कमी निघते. इतकं अशक्य वाटणारं काही प्रत्यक्षात घडलं, की आधी गृहीतकाकडे पाहावं. प्रत्येक गुणाची शक्यता सारखीच, हे आपण धरून चाललो. पण ड्यूसचा गुण कोर्टाच्या उजव्या बाजूने सर्व्ह होतो, अॅडव्हांटेजचा डाव्या. समजा एखाद्या सर्व्हरला उजवीकडून ०.८ शक्यतेने गुण मिळतो आणि डावीकडून ०.३ शक्यतेने, तर दोन गुणांनंतर ड्यूसवर परतण्याची शक्यता ०.६२ होते. निम्म्याची मर्यादा मोडली. त्या दिवशी नेमकं असंच झालं, असा दावा या आकड्यांवरून करता येत नाही. साखळीचा ताठ नियम कुठे वाकू शकतो, ते मात्र दिसतं.

हीच गोष्ट सेटच्या पातळीवर विंबल्डनने २०१० मध्ये जगाला दाखवली. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना २२ ते २४ जून असा तीन दिवस, ११ तास ५ मिनिटं चालला. पाचवा सेट इस्नरने ७०-६८ असा घेतला. तेव्हा तिथे निर्णायक सेटमध्ये टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी हवी होती. म्हणजे ५-५ ला सेटचा ड्यूस, आणि पुढे तीच पाच स्थितींची साखळी.

दोघं तुल्यबळ, म्हणून कुणी इथे प्रत्येक गेमला ०.५ घालून ड्यूसचंच सूत्र लावलं, तर ५-५ नंतर सरासरी चार गेम येतात. उत्तर साफ चुकीचं, आणि चूक सर्व्हिसमध्ये आहे. गेम आलटून पालटून सर्व्ह होतात. दोघंही ०.९ शक्यतेने आपली सर्व्हिस राखत असतील, तर दोन गेमनंतर बरोबरी राहण्याची शक्यता ०.८१ अधिक ०.०१, म्हणजे ०.८२. सरासरी मग २ भागिले ०.१८, साधारण ११ गेम. सर्व्हिस राखण्याची शक्यता ०.९५ झाली की २१ गेम, ०.९८ झाली की ५१. जिंकण्याची शक्यता या सगळ्यांत दोघांना निम्मीनिम्मीच. म्हणजे ‘कोण’ या प्रश्नावर चुकीची साखळीही बरोबर उत्तर देते आणि ‘किती वेळ’ या प्रश्नावर तोंडघशी पाडते. नुसत्या निकालाशी ताडून पाहणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही. सेटची लांबीही मोजावी लागेल.

५-५ पासून ६८-६८ पर्यंत बरोबरी ६३ वेळा परत आली. सर्व्हिस राखण्याची शक्यता ०.९ असती, तर हे सुमारे पावणेतीन लाखांत एकदा घडलं असतं, ०.९५ असती तर साधारण ५४० त एकदा, ०.९८ असती तर शंभरात आठ वेळा. इस्नरच्या ११३ आणि माहूच्या १०३ एस पाहता शेवटचा आकडा धरण्याचा मोह होतो. पण एकाच सामन्यातून, तोही लांबला म्हणूनच निवडलेल्या, ही शक्यता काढली तर ती फुगलेली येणार. तिच्यासाठी त्यांचे इतर सामनेही मोजायला हवेत.

विंबल्डनने २०१९ पासून निर्णायक सेटला १२-१२ वर टायब्रेक आणला. २०२२ पासून चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांत ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक खेळतात. त्यातही दोन गुणांची आघाडी लागतेच, म्हणून ९-९ ला साखळी पुन्हा सुरू होते. पुढच्या प्रत्येक दोन गुणांत एक सर्व्हिस एकाची, दुसरी दुसऱ्याची. मात्र सर्व्हिसवरचा एक गुण मिळवणं हे सर्व्हिसचा अख्खा गेम राखण्याइतकं हमखास नसतं. दोघांसाठीही ही शक्यता ०.६५ धरली, तर दोन गुणांनंतर बरोबरी ०.५४५ शक्यतेने टिकते आणि ९-९ नंतर सरासरी ४.४ गुणांत सामना संपतो.