पोहे कसे करावे : एक पाककृती व तिच्यातील शब्द

आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला आम्ही एक निबंध लिहावयास दिला होता. विषय होता ‘आमच्या घरचे कांदेपोहे’ आणि अट एकच होती : ज्याने आजवर शेगडी पेटविलेली नाही, त्यास केवळ तो निबंध वाचून पोहे करता आले पाहिजेत. मुलांस विषय फारच सोपा वाटला. दहा मिनिटांत वह्या मिटल्या आणि कित्येकांनी घड्याळाकडे पाहण्यास आरंभ केला.

त्यांतील एक वही आम्ही मुद्दाम घरी नेली. ज्या मुलाची ती होती, त्याची आई परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती सकाळी सात वाजता घरी येते, व तेव्हा तिच्यासाठी काहीतरी गरम करून ठेवावे असे या मुलाच्या मनात होते. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पोहे बिघडले. आई काही बोलली नाही, तिने ते खाल्ले. पण त्यांत काय चुकले हे मुलास उमगेना. त्याने निबंधात जे लिहिले होते तेच त्याने घरी केले होते, म्हणून आम्हीही रविवारी सकाळी ती वही ओट्यावर उघडी ठेवून अक्षरशः तसेच करावयाचे ठरविले.

वहीत होते : “पोहे भिजवावे. कांदा चिरावा. फोडणी करावी. त्यात हळद, कांदा, पोहे घालावे. मीठ, साखर घालून हलवावे. वाफ आणावी.” यात एकही वाक्य खोटे नाही. आम्ही पातेल्यात पोहे घेतले, ते बुडतील इतके पाणी ओतले आणि वहीच्या आज्ञेप्रमाणे कांदा चिरावयास बसलो. कांदा, मिरची व कोथिंबीर चिरून होईपर्यंत पाव तास गेला. परत येऊन पाहतो तो पातेल्यात पोहे नव्हते, खिमट होते! पुढे फोडणीत हळद पडली आणि कांदा कढईत लोटीपर्यंत ती काळपट झाली. शेवटी मीठ घालून हलविताना उरल्यासुरल्या पोह्यांचाही लगदा झाला.

या फजितीचे मूळ समजावयाचे तर पोहे म्हणजे काय हे प्रथम पाहिले पाहिजे. भात, म्हणजे साळ, गरम पाण्यात भिजवितात, मग ती भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच कुटून किंवा यंत्रात दाबून चपटी करतात. म्हणजे पोह्याचा दाणा आपल्या घरी येतो तो बव्हंशी शिजूनच. त्याला शिजवावयाचे नसते. फक्त ओलावा द्यावयाचा व गरम करावयाचे. चपटा असल्यामुळे तो पाणी झपाट्याने पितो. तांदूळ तासभर पाण्यात राहिला तरी बिघडत नाही, पण पोहे पाच मिनिटे पाण्यात राहिले की हातचे गेले. म्हणून ‘भिजवावे’ हे क्रियापदच येथे नवशिक्यास फसविते. योग्य क्रियापद ‘धुवा’ हे होय, आणि त्यापाठोपाठ ‘निथळा’ हे आलेच पाहिजे.

आता दोघांपुरते प्रमाण सांगतो. जाडे पोहे दोन वाट्या घ्या. पातळ पोहे चिवड्याचे, ते येथे चालत नाहीत, धुताच विरघळतात. एक मोठा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, कढीलिंबाची सात-आठ पाने, मूठभर शेंगदाणे, तेल मोठे दोन चमचे, चहाच्या चमच्याने मोहरी अर्धा, हळद अर्धा, मीठ पाऊण, साखर एक, हिंग चिमूटभर, शिवाय अर्धे लिंबू, थोडी कोथिंबीर व असल्यास ओले खोबरे.

आधी चिरणे सगळे उरकून घ्या. कांदा बारीक चिरा, मिरचीचे तुकडे करा, कोथिंबीर चिरून वेगळी ठेवा. हे सर्व ताटात मांडून झाल्यावरच पोह्यांस पाणी लावा, त्यापूर्वी नाही. पोहे चाळणीत घ्या, नळाखाली धरून बोटांनी हलकेच दोनदा धुवा आणि चाळणी तिरपी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या. मग त्यांवर मीठ व साखर पसरा, हाताने वरखाली करा आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. मीठ आताच लावण्याचे कारण असे की, कढईत गेल्यावर पोहे फार ढवळावयाचे नसतात.

दहा मिनिटांनी एक दाणा अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबून पाहा. तो सहज चिरडला गेला, पण चाळणीत अखंड दिसत असेल, तर पोहे तयार आहेत. मध्ये कणी लागली, तर ओंजळीतले थोडे पाणी शिंपडा आणि आणखी पाच मिनिटे थांबा. कोरडेपणा असा दुरुस्त करता येतो. जास्त झालेले पाणी मात्र परत काढता येत नाही. म्हणून नवशिक्याने चुकावयाचेच तर कोरड्याच्या बाजूने चुकावे. अगदीच लगदा झाला, तर त्यात डाळीचे पीठ व कांदा मिसळून थालीपीठ लावा. टाकून देऊ नका.

पोहे झाकून ठेवले, तोवर फोडणी करा. कढई कोरडी पुसून घ्या, कारण पाण्याचा थेंब राहिला तर तापलेले तेल अंगावर उडते. (लहान मुलांनी हा भाग घरातील मोठे माणूस जवळ असतानाच करावा.) तेल घाला, आच मंद ठेवा व प्रथम शेंगदाणे तळा. साल तडकू लागताच ते काढून घ्या. पुढे पोह्यांबरोबर ते तळले जात नाहीत, कच्चेच राहतात. मग मोहरीचा एकच दाणा तेलात टाकून पाहा. तो क्षणभरात तडतडला, तर उरलेली मोहरी घाला. नुसता तळाशी बसून राहिला, तर थांबा. आणि तेलातून धूर येऊ लागला, तर कढई खाली उतरवा. मोहरीच्या दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटते, तोच तो तडतडाट. न फुटलेली मोहरी कडवट लागते.

मोहरी तडतडताच हिंग, मिरची व कढीलिंब घाला. लगेच कांदा घाला. कांदा पारदर्शक दिसेपर्यंत, सुमारे चार मिनिटे, परता. तांबूस करू नका. त्यानंतर हळद घाला. पुष्कळ गृहिणी हळद कांद्याच्या आधी घालतात, व त्यांचा हात चपळ असल्यामुळे ती करपत नाही. नवशिक्याने तो मोह टाळावा. कांद्याला पाणी सुटलेले असते, त्यामुळे तेलाचा दाह कमी होऊन हळदीला उसंत मिळते. मात्र हळद पडली पाहिजे ती तेलातच. तिचा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ उतरत नाही. म्हणून ती वरून भुरभुरली तर पोहे ठिपक्याठिपक्यांचे होतात आणि कच्च्या हळदीचा वास राहतो.

आता पोहे व तळलेले दाणे घाला. उलथन्याने तळाकडून वर असे पाच-सहा वेळा उलटा, ढवळू नका. सर्व दाणे सारखे पिवळे झाले की झाकण ठेवा आणि मंद आचेवर तीन मिनिटे वाफ येऊ द्या. झाकणाच्या आतल्या अंगास थेंब जमले, म्हणजे वाफ पुरी झाली असे समजा. शेवटी आच बंद करा, लिंबू पिळा, कोथिंबीर व खोबरे पेरा.

आता त्या वहीकडे पुन्हा वळू. मुलाने ‘भिजवावे, चिरावा, करावी’ असे विध्यर्थ वापरले होते. जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकांतून हीच पद्धत आढळते आणि ती भारदस्त दिसते. परंतु ‘चिरावा’ हे वाक्य कोणासही उद्देशून नसते, ‘चिरा’ हे मात्र थेट हातांशी बोलते. तरी मुख्य उणीव ही नव्हे. मुख्य उणीव अशी की, त्याच्या सहा वाक्यांत काळ दाखविणारा एकही शब्द नाही.

हे शब्दही सगळे एका मोलाचे नसतात. ‘मग’ आणि ‘नंतर’ हे केवळ रांग लावतात. किती वेळाने ते सांगत नाहीत. ‘तोवर’ हा शब्द दोन कामे एकाच वेळी चालवितो. वर पोहे झाकले असताना फोडणी करावयास सांगणारा तोच. ‘तडतडताच’ यातील ‘ताच’ सांगतो की येथे उशीर चालणार नाही. ‘पारदर्शक दिसेपर्यंत’ यातील ‘पर्यंत’ थांबण्याची खूण देतो, आणि ती खूण मिनिटांपेक्षा अधिक भरवशाची असते, कारण प्रत्येक घरची आच व कढई निराळी. ‘झाल्यावरच’ यातील ‘च’ हे एक अक्षर त्या मुलाच्या वहीत असते, तर त्याचे पोहे पाण्यात पडून राहिले नसते.

वही परत करताना आम्ही त्याला ही पाककृती लिहून दिली नाही. त्याच्याच सहा वाक्यांच्या मध्ये रिकाम्या जागा सोडून, तेथे कोणता शब्द बसेल ते घरी करून पाहून लिहून आण, एवढेच सांगितले. तिसऱ्या दिवशी वही आली. ‘लगेच’ आणि ‘तोवर’ यांची अदलाबदल एके ठिकाणी झाली होती. बाकी ठीक होते. समासात त्याने पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता : आईला यायला उशीर झाला तर पोहे वाळतात, तेव्हा काय करू?

त्याचे उत्तर असे. लिंबू, कोथिंबीर व खोबरे आधी घालू नकोस, बाजूला ठेव. पोहे झाकलेलेच राहू दे. आई आल्याबरोबर त्यांवर दोन चमचे पाणी शिंपड, पुन्हा झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ आण, आणि मग लिंबू पीळ.