अस्थिच्छेदापूर्वीची मुदत

सिकलसेलचा विकार छत्तीसगढातील अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असल्यामुळे, आणि त्यातील विळ्यासारख्या रक्तपेशी मांडीच्या हाडाच्या डोक्याकडे जाणारा रक्तपुरवठा तोडीत असल्यामुळे, १९६३ साली स्थापन झालेल्या रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विकृतिशास्त्राच्या टेबलावर असे शस्त्रक्रियेने काढलेले डोके येणे नवलाचे नाही. हाड खरोखर मृत झाले आहे काय, एवढाच प्रश्न असतो. आणि त्याचे मुख्य उत्तर हाडातील इवल्या पोकळ्यांत पेशींची केंद्रके शिल्लक आहेत की नाहीत, यावर अवलंबून असते.

परंतु कॅल्शियमयुक्त हाड नेहमीच्या मायक्रोटोमच्या सुरीने कापता येत नाही. म्हणून त्याच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या फॉर्मॅलिनमध्ये पुरत्या स्थिर करून त्यांतील कॅल्शियम आधी काढून टाकावे लागते. नायट्रिक आम्ल हे काम एका-दोन दिवसांत करते, फॉर्मिक आम्ल काही दिवस घेते, आणि ईडीटीए, जे उदासीन द्रावणात राहून स्फटिकाच्या पृष्ठभागावरील कॅल्शियम थरामागून थर उचलीत जाते, त्याला कित्येक आठवडे लागतात. आम्लाचा वेग मात्र फुकट मिळत नाही: मुदत ओलांडली की ते केंद्रकातील डीएनएवर घाला घालते, हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग बसत नाही, आणि जिवंत हाडाच्या पोकळ्याही रिकाम्या दिसू लागतात. मृत्यूचा हा खोटा दाखला ज्या रोगाचा शोध चालला आहे त्याच्याच रूपात पुढे येतो, म्हणून तो मला सर्वांत घातक वाटतो.

यास्तव मुदत संपल्याची खात्री करणे अगत्याचे. फॉर्मिक आम्लात चकती असताना त्यातील पाच मिलिलिटर द्रव घेऊन लिटमस निळा होईतो अमोनिया घालावा, तितकेच संपृक्त अमोनियम ऑक्झलेट मिसळावे आणि अर्धा तास ठेवावे. गढूळपणा आला तर कॅल्शियम अजून निघते आहे असे समजून द्रव बदलावा, आणि ताज्या द्रवाची काही तासांनी हीच परीक्षा केल्यावर तो निवळच राहिला तर चकती काढून धुवावी. ईडीटीए कॅल्शियमला घट्ट धरून ठेवीत असल्याने ही परीक्षा तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे क्ष-किरण चित्राचाच भरवसा. सुई टोचून वा चकती वाकवून पाहण्याची जुनी रीत मात्र त्याज्य मानावी, कारण टोचल्याच्या खुणा पुढे काचपट्टीवर भग्न अस्थी म्हणून उतरतात.

इतकी दक्षता घेऊनही शंका उरलीच, तर त्याच छेदाच्या खालच्या निरोगी भागातील हाडाच्या व मज्जेच्या पेशी पाहाव्यात: तिथली केंद्रके ठसठशीत निळी आणि फक्त वरच्या पट्ट्यातील पोकळ्या रिक्त असतील तर हाड रक्ताअभावी मेले आहे, सर्वत्रच फिकेपणा असेल तर दोष आम्लाचा. मज्जेतील लोहाचा साठा पाहायचा असेल, अथवा पुढे डीएनएची तपासणी करायची असेल, तर एक चकती प्रारंभापासूनच ईडीटीएत वेगळी ठेवावी, आणि तिच्या विलंबाची पूर्वसूचना शल्यचिकित्सकाला लेखी द्यावी.