आईला फोन, भावाला मदत : रशियन निबंधातल्या विभक्तीच्या चुका

रशियन शिकायला लागून काही महिने झालेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘माझा दिवस’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर साधारण अशा ओळी येतात : मी विद्यापीठात शिकतो. माझा भाऊही इथेच असतो, मी त्याला मदत करतो. संध्याकाळी आईला फोन करतो. मग गिटार वाजवतो. सध्या परीक्षेची तयारी चालू आहे. मला परीक्षेची भीती वाटते. आईची फार आठवण येते.

या सात ओळींतले शब्द बहुतेक वेळा बरोबर असतात, स्पेलिंगही बरे असते. तरी तपासून परत आलेल्या कागदावर जवळजवळ प्रत्येक ओळीत एक लाल खूण दिसते, आणि ती नेमकी क्रियापदानंतरच्या शब्दावर असते. या खुणा नीट वाचल्या तर विद्यार्थ्याला रशियन किती येते यापेक्षा तो मराठीतून रशियनमध्ये कसा जातो, हे जास्त स्पष्ट दिसते.

भावाची आणि आईची ओळ घेऊ. (उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत. आणि रशियनमध्ये ‘मामा’ म्हणजे आई, हे आधीच सांगितलेले बरे.) विद्यार्थी लिहितो, ‘या पमगायू ब्राता’ आणि ‘या झ्वान्यू मामू’. ‘ब्राता’ आणि ‘मामू’ ही दोन्ही रूपे द्वितीयेची, म्हणजे कर्माची. मी भावाला पाहतो, मी आईला पाहतो, असे म्हणायचे असते तर ती अगदी बरोबर ठरली असती. पण मदत करणे आणि फोन करणे ही रशियन क्रियापदे चतुर्थी मागतात : ‘पमगायू ब्रातू’, ‘झ्वान्यू मामे’.

ही चूक का होते, त्याचे उत्तर शाळेत घोकलेल्या विभक्तीच्या तक्त्यात आहे. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचे प्रत्ययही स, ला, ते. आईला पाहिले, आईला फोन केला, आईला विचारले, आईला सांगितले : मराठी कानाला हे सगळे एकच आहे. रशियन मात्र या चौघांची दोन गटांत वाटणी करते. पाहणे आणि विचारणे एकीकडे, तिथे ‘मामू’. सांगणे आणि फोन करणे दुसरीकडे, तिथे ‘मामे’. त्यातही विचारणे आणि सांगणे हे जोडीने येणारे व्यवहार वेगवेगळ्या गटांत पडावेत, याचा मराठी माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो. शिक्षकाला काही विचारले हे सांगताना विद्यार्थी हमखास चतुर्थी वापरतो, कारण तोवर त्याने सांगण्याच्या वाक्यात ती पाठ केलेली असते.

मराठीचा एक गुण मात्र इथे उपयोगी पडतो. आपण ‘आंबा खाल्ला’ म्हणतो आणि ‘रामाला पाहिले’ म्हणतो. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, सजीवाला आहे. रशियन पुल्लिंगी नामांचे एकवचन तसेच चालते : टेबल पाहिले तर रूप बदलत नाही, भाऊ पाहिला तर ‘ब्रात’चा ‘ब्राता’ होतो. इंग्रजीतून रशियनकडे येणाऱ्याला हा भेद मुळापासून समजून घ्यावा लागतो. मराठी माणसाला तो सांगितला की पटतो.

पण याच नियमामुळे चूक तपासणारा फसू शकतो. ‘ब्राता’ हे द्वितीयेचे रूप आहे तसेच ते षष्ठीचेही आहे. म्हणजे विद्यार्थ्याने ‘ब्राता’ लिहिले तर त्याच्या मनात कुठली विभक्ती होती, हे त्या शब्दावरून कळत नाही. स्त्रीलिंगी नाम घेतले की कळते, कारण आईची किंवा बहिणीची द्वितीया वेगळी आणि षष्ठी वेगळी. म्हणून निबंध तपासताना शंका आली, तर त्याच क्रियापदापुढे ‘सिस्त्रा’, म्हणजे बहीण, हा शब्द घालून वाक्य पुन्हा लिहायला सांगावे.

दुसरी परीक्षा त्याहून महत्त्वाची. विद्यार्थ्याला त्या क्रियापदावर प्रश्न विचारायला लावावा. ‘मदत करतो, कोणाला?’ हे तो रशियनमध्ये ‘कमू?’ असे विचारतो, की ‘कवो?’ असे? ‘कमू’ हा चतुर्थीचा प्रश्न, ‘कवो’ द्वितीयेचा. त्याने प्रश्न बरोबर विचारला आणि तरी ‘ब्राता’ लिहिले, तर त्याला क्रियापद ठाऊक आहे, फक्त रूप चुकले. रूपांचा तक्ता आठवडाभर गिरवला की ते सुधारते. प्रश्नच चुकला, तर तक्ता कितीही गिरवून उपयोग नाही; त्याने क्रियापदच अर्धवट शिकलेले आहे. लाल खूण दोन्हीकडे सारखीच दिसते, इलाज मात्र वेगळा लागतो. बरेच शिक्षक हा फरक करत नाहीत आणि सरसकट सगळ्यांना तक्ते गिरवायला लावतात, हे मला चुकीचे वाटते.

आता परीक्षेच्या दोन ओळी. ‘परीक्षेची तयारी’, ‘परीक्षेची भीती’ : मराठीत दोन्हीकडे ‘ची’, म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे षष्ठी वापरतो आणि ‘एक्झामेना’ लिहितो. यातली एक ओळ चुकते, एक बरोबर येते. तयारीचे क्रियापद ‘क’ हे शब्दयोगी अव्यय आणि पुढे चतुर्थी मागते : ‘गतोव्लुस क एक्झामेनू’. ‘क’चा मूळ अर्थ ‘कडे’. भीतीचे क्रियापद मात्र खरोखरच षष्ठी घेते : ‘बयूस एक्झामेना’.

भीतीची ही षष्ठी शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ओळखीची वाटायला हवी. संस्कृतात ज्याची भीती वाटते त्याची पंचमी होते, सिंहाला घाबरतो म्हणताना ‘सिंहात्’ येते. रशियनमध्ये पंचमी ही वेगळी विभक्ती उरलेली नाही. तिचे काम षष्ठीने उचलले, आणि ‘एक्झामेना’सारख्या रूपाच्या शेवटी जो ‘आ’ आहे तो भाषाशास्त्रज्ञांच्या मते मूळ पंचमीचाच. एवढेच काय, संस्कृतच्या तासाला आपण जिला उपपद विभक्ती म्हणून पाठ केले, ‘रामं नमति’ पण ‘रामाय नमः’, तीच गोष्ट रशियन व्याकरणात ‘उप्राव्लेनिये’ या नावाने शिकवतात. अमुक शब्द आला की अमुक विभक्ती, का ते विचारायचे नाही. दहावीपर्यंत संस्कृत केलेला विद्यार्थी या बाबतीत इतरांच्या पुढे असतो, फक्त त्याला कोणीतरी हे सांगायला हवे.

पहिल्या ओळीतली चूक पुन्हा मराठीच्याच प्रत्ययाने घडवलेली. आपण ‘विद्यापीठात शिकतो’ आणि ‘विद्यापीठात जातो’ असे दोन्हीकडे ‘त’ लावून म्हणतो. रशियनमध्येही दोन्हीकडे अव्यय एकच, ‘व’. पण तिथे असणे आणि तिथे जाणे यांसाठी त्याच्यापुढची विभक्ती बदलते. शिकतो तेव्हा ‘व उनिवेर्सितेत्ये’, जातो तेव्हा ‘व उनिवेर्सितेत’. अव्यय पाठ केले म्हणजे काम झाले, असे मानणारा विद्यार्थी इथे अडकतो.

गिटारच्या ओळीत मराठीबरोबर इंग्रजीही आडवी येते. आपण वाद्य ‘वाजवतो’ आणि क्रिकेट ‘खेळतो’. रशियनमध्ये दोन्हींना ‘इग्रायू’ हे एकच क्रियापद, अगदी इंग्रजीसारखे, म्हणून विद्यार्थी इंग्रजीच्याच वळणाने ‘इग्रायू गितारू’ लिहितो. रशियन मात्र फरक अव्ययात ठेवते : वाद्यासाठी ‘न गितारे’, खेळासाठी ‘फ क्रिकेत’ (हा ‘फ’ म्हणजे आपला ‘व’च, ‘क’च्या शेजारी उच्चार बदललेला). इंग्रजीचाच दुसरा मासला बसची वाट पाहण्याचा. ‘झ्दू अव्तोबूस’ एवढेच पुरे, मध्ये अव्यय नाही. तिथे विद्यार्थी इंग्रजी वाक्य मनात धरून ‘साठी’ अशा अर्थाचे ‘द्ल्या’ घालतो. मराठीत विचार केला असता तर ही चूक झाली नसती.

राहिली आईच्या आठवणीची ओळ. ‘स्कुचायू’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : आठवण येणे आणि कंटाळा येणे. ‘स्कुचायू प मामे’ म्हणजे मला आईची आठवण येते. ‘प’ऐवजी सोबत दाखवणारे ‘स’ घालून ‘स्कुचायू स मामय’ लिहिले, तर वाचणारा रशियन समजतो की आईसोबत याला कंटाळा येतो. फोनच्या ओळीत विभक्ती चुकली तरी अर्थ पोचतो, ऐकणारा मनात दुरुस्त करून घेतो. इथे तसे होत नाही, कारण चुकीचे वाक्यही व्याकरणाला धरूनच असते. असेच दुसरे क्रियापद आजारी असण्याचे. त्याच्यापुढे तृतीया आली तर अमुक रोगाने आजारी असा अर्थ. ‘झा’ हे अव्यय आणि द्वितीया आली, तर अमुक संघाचा पाठीराखा.

महाराष्ट्रातून बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात, आणि त्यांच्यासाठी ही परीक्षेतल्या गुणांपुरती गोष्ट नाही. वर्गात इंग्रजी चालत असले तरी वॉर्डातला रुग्ण रशियनच बोलतो. डॉक्टरचा रुग्णाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘न श्तो व्ही झालुयेत्येस?’, म्हणजे काय त्रास होतोय? तक्रार करण्याच्या या क्रियापदाला ‘न’ आणि द्वितीया लागते, आणि केसपेपरवरही रुग्ण ‘न काशेल’, खोकल्याची, तक्रार करतो असेच लिहायचे असते. मराठीच्या ‘ची’वरून इथे षष्ठी लिहिणारा विद्यार्थी रोजच्या प्रत्येक केसपेपरात तीच चूक करत राहतो.

रशियन लोकांनाही हे सगळे आपोआप येत नाही. प्रवासाचे भाडे देण्यासाठी त्यांच्याकडे दोन क्रियापदे आहेत, एक नुसती द्वितीया घेते आणि दुसरे ‘झा’ हे अव्यय लावून द्वितीया. दोन्हींची सरमिसळ हा तिथल्या बोलण्यातला प्रसिद्ध दोष आहे. दितमार रोझेन्ताल या व्याकरणकाराने तर कुठल्या शब्दापुढे काय यावे, एवढ्यासाठी रशियन वाचकांकरता स्वतंत्र कोशच तयार केला.

तेव्हा शिकणाऱ्याने वहीत ‘पमगात : मदत करणे’ अशी नोंद करू नये. ‘पमगात कमू’ असे लिहावे, तयारीसमोर ‘क चिमू’, आठवणीसमोर ‘प कमू’, भीतीसमोर ‘चिवो’. रशियन कोशांत क्रियापदासमोर हे प्रश्न छापलेलेच असतात. अर्थ पाहून कोश मिटण्याआधी तेही उतरवून घ्यावेत. आणि ज्या क्रियापदापुढे मराठीत ‘ला’, ‘त’ किंवा ‘ची’ येते, ती आधी घ्यावीत, कारण मराठी माणसाच्या निबंधातल्या लाल खुणा बहुतांशी तिथेच पडतात.