बारा गुण वाढले, टक्केवारी मात्र जुनीच

नेट परीक्षेच्या माहितीपत्रकात एक अट असते. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण हवेत, आणि तेही जवळच्या पूर्ण आकड्यात न बदलता. म्हणजे 54.99 टक्के असतील तरी ते 55 धरले जात नाहीत. त्यामुळे पुनर्मूल्यांकनात गुण वाढले, पण गुणपत्रिकेच्या तळाशी छापलेली टक्केवारी जुनीच राहिली, तर एखाद्या मुलीचं प्राध्यापक होणं तिथंच अडतं. अशा वेळी तिनं सरांना किंवा मॅडमना ईमेल लिहायचा, तर त्यात नेमकं काय मागायचं?

एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. एम.ए.ची चार सत्रं, प्रत्येक सत्रात शंभर गुणांचे चार पेपर, म्हणजे एकूण 1600 गुण. 55 टक्क्यांसाठी त्यातले 880 हवेत. या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात 214, दुसऱ्यात 219, तिसऱ्यात 209 आणि चौथ्यात 229 मिळाले. बेरीज 871, टक्केवारी 54.44. तिसऱ्या सत्रातल्या एका पेपरात तिला लेखी परीक्षेचे 60 पैकी 27 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 40 पैकी 22, असे एकूण 49 गुण होते. तिनं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, वाचली आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. लेखीचे 27 होते ते 39 झाले. अंतर्गत गुण पुन्हा तपासले जात नाहीत, ते 22च राहिले. पेपरचे गुण 61 झाले, सत्राची बेरीज 221 आणि चारही सत्रांची 883. 883 ला 1600 नं भागून शंभरनं गुणलं की 55.19 येतात. अट पूर्ण झाली.

पण हातात आलेल्या अंतिम गुणपत्रिकेवर तिसऱ्या सत्रासमोर 221 आहेत, एकूण गुण 883 आहेत आणि टक्केवारी 54.44 आहे.

हे कसं होतं? पुनर्मूल्यांकनाचा निकाल बहुधा उशिरा लागतो. तोवर पुढच्या सत्राची परीक्षा होऊन गेलेली असते आणि कधी कधी अंतिम निकालाचं लेजरही तयार झालेलं असतं. नवे गुण त्या पेपरच्या रकान्यात भरले जातात, पण ते पुढं सत्राच्या बेरजेत, तिथून एकूण बेरजेत आणि शेवटी टक्केवारीत पोचायला हवेत. यातला एखादा आकडा सूत्रानं न येता हातानं टाकलेला असेल किंवा आधीच्या लेजरमधून उचललेला असेल, तर बदल तिथं थांबतो. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही.

कुठं थांबला, हे विद्यार्थ्याला घरबसल्या कळू शकतं. छापलेली टक्केवारी घ्यायची, तिला एकूण कमाल गुणांनी गुणायचं आणि शंभरनं भागायचं. इथं 54.44 गुणिले 1600 भागिले 100 म्हणजे 871.04. दशांशातला फरक आकडा दोन स्थळांपर्यंत छापल्यामुळे आला आहे, तो सोडून द्यायचा. उत्तर 871 आलं, म्हणजे टक्केवारी जुन्या बेरजेवर काढलेली आहे, हे सिद्ध झालं. उत्तर जुन्या किंवा नव्या बेरजेशी जुळत नसेल, तर कमाल गुणांचा आकडा वेगळा धरला आहे का, ते पाहायचं. एखादा पेपर पन्नास गुणांचा असतो, तर एखाद्या विषयाचे गुण श्रेणीत धरलेच जात नाहीत. ईमेल पाठवण्याआधी ही पाच मिनिटं द्यायलाच हवीत. कारण त्यानंतर ‘माझी टक्केवारी चुकली आहे असं वाटतं’ असं लिहावं लागत नाही. चूक कुठं आहे, ते दाखवता येतं.

दुसरं ध्यानात घ्यायचं ते प्राध्यापकांच्या अधिकाराबद्दल. गुणपत्रिका दुरुस्त करणं त्यांच्या हातात नसतं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत 2016च्या कायद्यानुसार परीक्षांचं काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असतं, तर स्वायत्त महाविद्यालयात ते महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे असतं. विभागप्रमुख आकडे पडताळू शकतात आणि आपल्या शेऱ्यासह अर्ज पुढं पाठवू शकतात. त्या शेऱ्याला वजन असतं. म्हणून ईमेलमध्ये मागणीही तेवढीच ठेवावी. साधारण असा मजकूर पुरेल:

विषय: पुनर्मूल्यांकनानंतरच्या टक्केवारीची फेरतपासणी, एम.ए. भाग 2

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तिसऱ्या सत्राच्या एका पेपरचे माझे गुण पुनर्मूल्यांकनानंतर 49 वरून 61 झाले आहेत. त्यानुसार माझ्या अंतिम गुणपत्रिकेवर एकूण गुण 1600 पैकी 883 असे आले आहेत. मात्र टक्केवारी 54.44 अशी छापली आहे. ही टक्केवारी आधीच्या 871 गुणांशी जुळते. 883 गुणांची टक्केवारी माझ्या हिशोबाप्रमाणे 55.19 येते.

कृपया आपण हा हिशोब एकदा पाहावा आणि तो बरोबर असल्यास माझा अर्ज आपल्या शेऱ्यासह परीक्षा विभागाकडे पाठवावा, ही विनंती. पुनर्मूल्यांकनाचा निकाल, तिसऱ्या सत्राची सुधारित गुणपत्रिका, अंतिम गुणपत्रिका आणि चारही सत्रांच्या बेरजेचा तक्ता सोबत जोडला आहे. माझ्या हिशोबात काही चुकत असेल तर कृपया कळवावे.

आपली विद्यार्थिनी

खाली नाव, पीआरएन, आसन क्रमांक आणि फोन नंबर. नेटच्या कागदपत्रांची किंवा प्रवेशाची अंतिम तारीख जवळ आली असेल तर तीही एका वाक्यात सांगावी. घरची परिस्थिती, किती कष्ट केले, आधी कुणी कसं वागवलं, हे मनात कितीही दाटलेलं असलं तरी या पत्रात नको. वाचणाऱ्या शिक्षिकेला तीन आकडे चटकन दिसायला हवेत.

गुण पुन्हा तपासणं आणि बेरीज पुन्हा करणं या दोन मागण्यांत मोठा फरक आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1984 साली मंडळाचा पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध ठरवला. म्हणजे नियमात तरतूद नसेल, तर उत्तर पुन्हा तपासून घेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. पुढं 2011 मध्ये त्याच न्यायालयानं माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. हे दोन्ही प्रश्न परीक्षकाच्या निर्णयाशी निगडित आहेत. बेरजेचं तसं नसतं. परीक्षकानं 39 गुण दिले आहेत, विद्यापीठानं ते जाहीर केले आहेत, आणि आता कुणाचंही मत बदलायचं उरलेलं नाही. म्हणून ईमेलमध्ये चुकूनही ‘माझे गुण वाढवून द्यावेत’ असा सूर येऊ देऊ नये. तो आला की साध्या हिशोबाची दुरुस्ती दुसऱ्याच फायलीत जाऊन पडते.

कधी कधी तपासणीनंतर विद्यार्थ्याचाच हिशोब चुकलेला निघतो. आधीच्या निकालात एखाद्या पेपरला ग्रेसचे गुण मिळाले असतील आणि पुनर्मूल्यांकनात तो पेपर स्वबळावर सुटला असेल, तर ग्रेस निघून जाते आणि एकूण बेरीज अपेक्षेपेक्षा कमी वाढते. काही विद्यापीठांत ठराविक मर्यादेपेक्षा कमी वाढ झाली तर जुनेच गुण कायम राहतात. टक्केवारी श्रेणी गुणांकावरून काढत असतील, तर गुणांची साधी बेरीज तिथं लागूच होत नाही. तिथं त्या विद्यापीठाचं सूत्र घेऊनच हिशोब करावा लागतो. असं उत्तर आलं तर कोणत्या नियमानुसार आणि कोणत्या आकड्यांवरून टक्केवारी काढली, ते लेखी मागून घ्यावं.

दुरुस्ती मान्य झाली की नवी गुणपत्रिका देताना जुनी मूळ प्रत जमा करून घेतात. तिची दोन्ही बाजूंची स्वच्छ स्कॅन प्रत आधी काढून ठेवावी. नवी प्रत हातात पडली की खिडकीपासून दूर जाण्याआधी तिथंच उभं राहून सत्रांची बेरीज, एकूण गुण, टक्केवारी आणि शेवटी श्रेणी किंवा वर्ग, हे चारही रकाने तपासावेत. टक्केवारी बदलून वर्ग तसाच राहिल्याचंही घडतं, आणि पदवी प्रमाणपत्रावर वर्गच छापला जातो.